ब्युरेटचं वाचन आणि चुकीची दिशा
पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनात ब्युरेटमधल्या गडद द्रावणाची वरची कड वाचतात. खालची दिसतच नाही. निरीक्षण तक्त्यात सुरुवातीचं वाचन, शेवटचं वाचन आणि फरक लिहायचा. समजा, ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाच्या १० मिलिलिटरला १०.३, ९.८, ९.८ मिलिलिटर लागले. पहिलं वाचन अंदाजाचं. सरासरीत धरू नये. दोन रेणू परमँगनेटला पाच रेणू आम्ल लागतं, म्हणून तीव्रता (२×०.०५×१०)÷(५×९.८), म्हणजे ०.०२०४ मोलर.

चर्चेत नुसतं ‘मानवी चूक’ लिहिणं म्हणजे पळवाट. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला असेल, तर सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं किंवा परमँगनेट घाईने ओतलं गेलं. मग परमँगनेट जास्त खर्च होतं आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. ही दिशा अहवालात लिहायलाच हवी.