जाळ्यातला सर्वांत कच्चा छेद

केबलचे जाळे दोन तुकड्यांत तोडायचे, तर कमीत कमी किती क्षमतेच्या जोडण्या कापाव्या लागतील? या आकड्याला जाळ्याचा किमान छेद म्हणतात. कोणते दोन बिंदू वेगळे करायचे ते ठरलेले नसल्याने प्रश्न अवघड होतो. १९६१ मध्ये गोमोरी आणि हू यांनी दाखवलेल्या मार्गाने, बिंदूंच्या संख्येपेक्षा एकाने कमी इतक्या वेळा कमाल प्रवाहाचे गणित करून तो सुटतो. नागामोची आणि इबाराकी यांनी १९९२ मध्ये प्रवाहाचे गणित टाळणारी वाट शोधली. तिचे सोपे रूप मेख्टिल्ड श्टोअर आणि फ्रांक वाग्नर यांनी मांडले.

पद्धत फेऱ्यांची आहे. कोणत्याही एका बिंदूपासून संच सुरू करायचा. मग उरलेल्यांपैकी ज्याच्या संचाशी असलेल्या सगळ्या जोडण्यांची बेरीज सर्वाधिक, तो बिंदू संचात घ्यायचा. शेवटी आलेल्या बिंदूच्या जोडण्यांची बेरीज हा त्या फेरीचा छेद. तो नोंदवून शेवटचे दोन बिंदू एकत्र करायचे आणि पुढची फेरी सुरू करायची.

समजा अ, ब, क, ड ही चार केंद्रे आहेत. जोडण्यांची क्षमता अशी: अब ५, कड ४, बड २, अक १. अ पासून सुरुवात केली की ब (५) येतो, मग ड (२), शेवटी क. क ची बेरीज १ + ४ = ५, म्हणून पहिला छेद ५. आता ड आणि क एकत्र. दुसऱ्या फेरीत अ, ब आणि शेवटी ‘कड’ जोडी येते; तिची बेरीज १ + २ = ३. ब तिच्यात मिसळल्यावर तिसऱ्या फेरीत अ एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे, छेद ६. तिन्हींत लहान ३, म्हणजे अब एका बाजूला आणि कड दुसऱ्या बाजूला. एकेकटे केंद्र तोडायला कमीत कमी ५ लागले असते.

प्रत्येक फेरीचा छेद हा तिच्या शेवटच्या दोन बिंदूंना वेगळे करणारा सर्वांत लहान छेद असतो. ते दोघे किमान छेदाच्या दोन बाजूंना असतील, तर उत्तर त्याच फेरीत नोंदले जाते. एकाच बाजूला असतील, तर त्यांना एकत्र केल्याने काही बिघडत नाही. म्हणून शेवटचेच दोन बिंदू जोडायचे. संचाशी असलेली पूर्ण बेरीज न घेता सर्वांत जाड एकच जोडणी पाहिली, तर ही हमी उरत नाही.

जोडण्यांना दिशा असेल किंवा क्षमता ऋण असेल, तर ही पद्धत चालत नाही. साध्या तक्त्यावर ती चालवली, तर बिंदू दुप्पट झाल्यावर काम सुमारे आठपट होते. कार्गरची यादृच्छिक पद्धत चुकण्याची शक्यता कमी करण्यासाठी पुन्हा पुन्हा चालवावी लागते. इथे मात्र एकदाच चालवून मिळालेले उत्तर निश्चित बरोबर असते.