50 काढा, पण 65 हरवू नका

कॅम्पस मुलाखती सुरू होण्याआधी मी शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घेते. त्यात एक प्रश्न हमखास असतो: सर्च ट्रीमधून एक आकडा काढून दाखवा आणि त्याला किती वेळ लागतो ते सांगा. परवाच्या मुलाखतीतला संवाद इथे देते, कारण त्यात नेहमीची चूकही आहे आणि ती पकडायची रीतही.

या झाडाचं मूळ वर असतं आणि फांद्या खाली वाढतात. नियम एकच. कोणत्याही आकड्याच्या डाव्या बाजूला सगळे त्याहून लहान आकडे आणि उजव्या बाजूला सगळे मोठे. मी कागदावर हे झाड काढून दिलं:

```
        50
      /    \
    30      70
   /  \    /  \
 20   40  60   80
            \
             65
```

"यातून 20 काढा."

"मॅडम, 20 च्या खाली काहीच नाही. 30 ची डावी बाजू रिकामी केली की झालं."

"आणि 60?"

"त्याला एकच मूल आहे, 65. ते थेट 70 च्या डाव्या हाताला जोडायचं."

"आता मूळ झाडातून 50 काढा."

इथे तो थांबला. 50 ला दोन मुलं, जागा मात्र एकच. मग म्हणाला, "50 च्या जागी असा आकडा हवा, जो डावीकडच्या सगळ्यांहून मोठा आणि उजवीकडे उरणाऱ्या सगळ्यांहून लहान असेल. म्हणजे 50 नंतर लगेच येणारा आकडा. एकदा उजवीकडे 70 वर जायचं, मग डावीकडे जाता येईल तितकं जायचं. 60 सापडतो."

त्याने 50 खोडून 60 लिहिलं आणि खालचा 60 पुसून टाकला. त्याच्यासोबत 65 ही पुसला गेला.

"आता डावीकडून उजवीकडे आकडे वाचा."

"20, 30, 40, 60, 70, 80." त्याने मोजले. "आठ होते, एक काढला, सात राहायला हवेत. सहाच आहेत. 65 गेला!"

चूक अशीच सापडते. आकडे चढत्या क्रमाने वाचायचे आणि मोजायचे. क्रम बिघडला नव्हता, त्यामुळे नुसत्या नजरेला झाड ठीकच दिसत होतं.

त्याने 65 हा 70 च्या डाव्या हाताला जोडला.

"पण 60 ला डावं मूलही असतं तर?"

"असूच शकत नाही, मॅडम. असतं तर ते 60 हून लहान आणि 50 हून मोठं असतं. मग 50 नंतरचा आकडा तोच ठरला असता. म्हणून 60 ला फार तर उजवं मूल असेल आणि ते काढणं सोपंच आहे."

"वेळ किती लागला?"

"O(log n)," तो पटकन म्हणाला.

"हेच आकडे चढत्या क्रमाने एकेक घातले असते तर?"

तो कागदावर काढू लागला. 20 च्या उजवीकडे 30, त्याच्या उजवीकडे 40... झाडाची सरळ साखळी झाली. "मग तळाच्या आकड्यापर्यंत सगळ्यांवरून जावं लागेल. O(n)."

"मग दोन्हींना लागू पडेल असं उत्तर?"

"O(h). h म्हणजे झाडाची उंची. आधी काढायच्या आकड्यापर्यंत खाली उतरायचं आणि तिथूनच पुढे त्याच्या नंतरच्या आकड्यापर्यंत. दोन शोध आहेत, पण वाट एकच, मुळापासून खाली जाणारी. ती उंचीपेक्षा लांब होत नाही. जोडण्या बदलायला लागणारा वेळ ठरावीकच."

मला हेच ऐकायचं होतं. 10 लाख आकडे नीट भरलेल्या झाडात 20 पातळ्यांत मावतात. साखळी झाली तर पातळ्या 10 लाख होतात. काढायची कृती दोन्हीकडे तीच, फरक फक्त उंचीचा.

उंची आवाक्यात ठेवायची सोय अडेलसन-वेल्स्की आणि लँडिस यांनी 1962 मध्ये दिली. त्यांच्या एव्हीएल झाडात कोणत्याही ठिकाणी दोन बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक राहू देत नाहीत. काढल्यावर तोल गेला तर आलेल्या वाटेने वर जात झाड फिरवून सावरलं जातं. अशा झाडात 10 लाख आकड्यांची उंची 30 च्या आत राहते, म्हणून तिथे काढणं खात्रीने O(log n) असतं.

मुलाखतीला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आधी O(h) म्हणा, मग समोरच्या झाडाची उंची किती असू शकते ते सांगा. आणि 50 काढल्यावर बाकीचे आकडे मोजा.