क्लॉकला न विचारता

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून ७४७४ ही चिप गेलेली असते. चौदा पायांच्या या छोट्या काळ्या तुकड्यात दोन डी फ्लिप-फ्लॉप असतात. फ्लिप-फ्लॉप म्हणजे एकच गोष्ट लक्षात ठेवणारे सर्किट: शून्य किंवा एक. त्याचे मुख्य आउटपुट म्हणजे क्यू, आणि त्याच्या नेमके उलट असायला हवे ते दुसरे आउटपुट म्हणजे क्यू-बार. क्लॉकचा सिग्नल शून्यावरून एकवर चढतो त्या क्षणी डी पिनवर जे असेल ते क्यूवर येते आणि पुढच्या चढापर्यंत तिथेच राहते. मधल्या काळात डी कितीही वेळा बदलला तरी क्यू हलत नाही.

पण याच चिपमध्ये प्रत्येक फ्लिप-फ्लॉपला आणखी दोन पिना असतात, प्रीसेट आणि क्लिअर. प्रीसेट शून्यावर ओढली की क्यू लगेच एक होतो. क्लिअर शून्यावर ओढली की क्यू लगेच शून्य होतो. क्लॉक चालू असो, थांबलेला असो, वर असो की खाली, त्याने काही फरक पडत नाही. म्हणूनच या पिनांना असिंक्रोनस म्हणतात. आणि दोन्ही एकदम शून्यावर ओढल्या तर? मग क्यूही एक होतो आणि क्यू-बारही एक होतो. एकमेकांच्या उलट असायला हवीत अशी दोन आउटपुट सारखी दिसू लागतात. हे का होते आणि अशा वेळी काय करायचे, हे नीट समजून घ्यायचे तर चिपच्या आत डोकवावे लागते.

७४७४ मधला एक फ्लिप-फ्लॉप सहा नँड गेटांचा असतो. नँड गेटचा नियम सोपा आहे: कुठलेही एक इनपुट शून्य असले की आउटपुट एक, मग बाकीची इनपुट काहीही असोत. सगळी एक असली तरच आउटपुट शून्य. या सहांपैकी शेवटचे दोन गेट क्यू आणि क्यू-बार देतात. त्यांची आउटपुट एकमेकांच्या इनपुटांना जोडलेली असतात, आणि त्या जोडणीमुळेच आठवण टिकते. आधीचे चार गेट क्लॉक आणि डी यांच्याकडे पाहून या जोडीला ‘एक हो’ किंवा ‘शून्य हो’ असा इशारा देतात. तो इशाराही शून्य पातळीचाच असतो.

प्रीसेटची तार थेट क्यूच्या गेटात जाते. ती शून्य झाली की नँडच्या नियमाने क्यू एक होणारच. क्लॉकच्या बाजूने आलेला इशारा त्याच गेटाचे दुसरे एक इनपुट असतो, आणि एक इनपुट शून्य असताना दुसऱ्याच्या मताला किंमत उरत नाही. क्लॉकवर मात होते ती इथे. त्यासाठी वेगळे नियंत्रण कुठेही नाही. क्लॉकचा मार्ग चार गेटांमधून फिरून येतो, प्रीसेटची तार मात्र शेवटच्या दारातच उभी असते.

इथे एक बारकावा आहे आणि तो पाठ्यपुस्तकांत अनेकदा सुटतो. प्रीसेट आणि क्लिअर फक्त शेवटच्या जोडीला जोडून भागत नाही. समजा क्लॉक वर आहे आणि आधीच्या चार गेटांनी मागच्या चढाला ‘शून्य हो’ असा निर्णय पकडून ठेवला आहे. क्लॉक वर असेपर्यंत तो इशारा क्यू-बारच्या गेटावर सतत लागू असतो. आता प्रीसेट ओढली तर क्यू एक होईल, पण त्या इशाऱ्यामुळे क्यू-बारही एकच राहील. प्रीसेट सोडताच क्यू पुन्हा शून्यावर घसरेल आणि दिलेला हुकूम वाया जाईल. म्हणून ७४७४ मध्ये प्रीसेटची तार आधीच्या चारांपैकी एका गेटात आणि क्लिअरची तार दोन गेटांत जाते. त्यामुळे आत पकडलेला जुना निर्णयही बदलतो, आणि पिन सोडल्यावर नवीन स्थिती टिकते. मला या चिपच्या रचनेतला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आता दोन्ही पिना एकदम शून्यावर असतानाची स्थिती पाहू. क्यूच्या गेटात एक शून्य, क्यू-बारच्या गेटात एक शून्य, म्हणून दोन्ही आउटपुट एक. चिप बिघडलेली नसते, ती नियमच पाळत असते. क्यूकडे पाहणाऱ्याला प्रीसेट जिंकल्यासारखी दिसते आणि क्यू-बारकडे पाहणाऱ्याला क्लिअर. खरा प्रश्न दोन्ही पिना सोडताना येतो. क्लिअर आधी सुटली आणि प्रीसेट नंतर, तर शेवटी क्यू एक राहतो. प्रीसेट आधी सुटली तर क्यू शून्य. जी पिन शेवटपर्यंत धरलेली असते तिचे चालते. आणि दोन्ही अगदी एकाच क्षणी सुटल्या तर दोन्ही गेट एकदम शून्याकडे निघतात, एकमेकांना परत वर ढकलतात, आणि जोडी काही काळ मधेच लटकते. याला मेटास्टेबल अवस्था म्हणतात. शेवटी ती कुठल्या तरी बाजूला पडते, पण कोणत्या, हे गेटांमधले सूक्ष्म फरक आणि विजेतला गोंगाट ठरवतात. म्हणूनच ही स्थिती टिकणारी नाही असे या चिपच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट छापलेले असते.

थोडक्यात, संघर्ष मिटवायचे काम चिप करत नाही. ते सर्किट आखणाऱ्याला करावे लागते. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

एका छोट्या यंत्राची मोटर आहे, तिला स्टार्ट आणि स्टॉप अशी दोन बटणे. पहिल्यांदा सुचते ती जोडणी अशी: स्टार्ट प्रीसेटला, स्टॉप क्लिअरला, आणि क्यूवरून ट्रान्झिस्टर व रिलेमार्फत मोटर. एक एक बटण दाबून पाहिले तर सगळे ठीक चालते. पण कोणी स्टार्ट दाबून धरले असताना दुसऱ्याने स्टॉप दाबले, तर क्यू एकच राहतो आणि मोटर थांबत नाही. हे चालणार नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे मधे एक गेट घालून, स्टॉप दाबलेले असताना स्टार्टचा सिग्नल प्रीसेटपर्यंत पोचूच द्यायचा नाही. आता दोन्ही दाबली तर मोटर थांबते. पण स्टार्टवर बोट तसेच असताना स्टॉप सोडले की प्रीसेटचा रस्ता मोकळा होतो आणि मोटर आपोआप सुरू होते. यंत्राजवळ हात असलेल्या माणसासाठी हे पहिल्यापेक्षाही वाईट.

माझ्या मते बरोबर उत्तर वेगळे आहे: स्टार्टला प्रीसेटवर आणूच नका, क्लॉकवर आणा. डी पिन कायम पाच व्होल्टला जोडा, प्रीसेटही पाच व्होल्टला बांधून निकामी करा, स्टॉप क्लिअरला द्या. स्टार्ट दाबले की क्लॉक चढतो, डीवरचा एक क्यूवर येतो, मोटर सुरू. स्टॉप दाबलेले असताना स्टार्ट कितीही वेळा दाबा, क्लिअर क्लॉकवर मात करते, म्हणून मोटर बंदच. आणि स्टार्ट धरलेले असताना स्टॉप सोडले तरी काही होत नाही, कारण क्लॉकला वर असणे पुरत नाही, चढ लागतो. मोटर पुन्हा सुरू करायची तर स्टार्ट सोडून नव्याने दाबावे लागते. जो दोष गेट घालून जात नव्हता तो मुळातच उरला नाही.

एक खोच मात्र राहते. बटणाचे पत्रे दाबताना आणि सोडताना काही मिलिसेकंद उसळतात. स्टार्ट सोडतानाच्या उसळीत क्लॉकला एखादा खोटा चढ मिळू शकतो, आणि त्याआधी कोणी स्टॉप दाबून सोडलेले असेल तर मोटर न मागता सुरू होईल. ही उसळ काढायला चिपमधला दुसरा फ्लिप-फ्लॉप आहेच. स्टार्टसाठी दोन बाजूंचे बटण घ्या, ज्याचा मधला पत्रा ग्राउंडला असतो आणि एका बाजूचा संपर्क सोडून मगच दुसऱ्या बाजूला टेकतो. एक बाजू प्रीसेटला, दुसरी क्लिअरला, दोन्हींवर पाच व्होल्टकडे दहा किलोओहमचे रेझिस्टर. डी आणि क्लॉक ग्राउंडला. पत्रा पहिल्यांदा टेकताच स्थिती बदलते, नंतरची उसळ तीच आज्ञा पुन्हा देते, आणि मधल्या प्रवासात दोन्ही पिना एक असल्याने आठवण टिकते. पत्रा एका वेळी दोन्ही बाजूंना टेकूच शकत नाही, त्यामुळे इथे प्रीसेट-क्लिअरचा संघर्ष बटणाच्या रचनेनेच टळतो. या फ्लिप-फ्लॉपचा क्यू पहिल्याच्या क्लॉकला द्या.

स्टॉपसाठी एरवी जोडलेले राहणारे बटण घ्यावे. चिप सीमॉस प्रकारची, म्हणजे एचसी मालिकेतली असेल, तर क्लिअर या बटणातून पाच व्होल्टला आणि दहा किलोओहममधून ग्राउंडला जोडता येते. मग बटण दाबले काय किंवा तार तुटली काय, दोन्ही वेळी मोटर थांबते. वीज येते तेव्हा फ्लिप-फ्लॉप कुठल्या स्थितीत जागा होईल याचा भरवसा नसतो, म्हणून सुरुवातीचे काही क्षण क्लिअर शून्यावर धरणारी व्यवस्थाही हवी. आणि जिथे जिवाशी गाठ आहे तिथले आणीबाणीचे बटण लॉजिक चिपवर सोपवू नये, त्याने मोटरचा वीजपुरवठाच थेट तोडावा.

क्लॉकवर मात करणाऱ्या पिनांनाही वेळेची बंधने असतात. ७४एलएस७४ मध्ये प्रीसेट किंवा क्लिअर निदान २५ नॅनोसेकंद शून्यावर राहायला हवी, त्याहून लहान ठोक्याचा परिणाम होईलच असे नाही. क्लिअर ओढणे केव्हाही चालते, पण सोडणे केव्हाही चालत नाही. क्लॉकच्या चढाच्या अगदी तोंडावर क्लिअर सुटली तर फ्लिप-फ्लॉपला तो चढ मोजायचा की नाही हे ठरवता येत नाही, आणि पुन्हा मेटास्टेबल अवस्था येऊ शकते. आपल्या मोटरला याचा त्रास नाही, कारण त्या क्षणी चालू किंवा बंद दोन्ही उत्तरे चालतात. पण शेकडो फ्लिप-फ्लॉपना एकच रीसेट असते तेव्हा काही जण क्लॉकच्या या चढाला जागे होतात, काही पुढच्या, आणि सर्किट कधी तरी, न सांगता, चुकीच्या स्थितीतून सुरू होते. अशी चूक दहा वेळा तपासून एकदा दिसते. म्हणून मोठ्या सर्किटांत रीसेट ताबडतोब लागू करतात, पण तिचे सुटणे दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेऊन क्लॉकच्या चालीत बसवतात.

अनेक चिपनी हा संघर्ष मुळातच काढून टाकला आहे. ७४१७५ आणि ७४२७३ मध्ये फक्त क्लिअर असते. दोन्ही पिना असलेल्या सीमॉसच्या ४०१३ मध्येही दोन्ही एकदम दिल्या की दोन्ही आउटपुट एक होतात, पण तिथे पिन शून्याने नाही, एकने जागी होते. त्यामुळे न वापरलेल्या प्रीसेट-क्लिअर पिना ७४७४ मध्ये पाच व्होल्टला बांधायच्या आणि ४०१३ मध्ये ग्राउंडला. दोन्हींत त्या मोकळ्या मात्र सोडायच्या नाहीत.