आधी साफसफाई, मग खरेदी, शेवटी फराळ?

दसरा ते लक्ष्मीपूजन म्हणजे साधारण वीस दिवस. पूर्णा गावात हे दिवस सगळ्यात धावपळीचे. शिवारात जिथे शेती उरली आहे तिथे भातकापणी चालू असते आणि गोदामांमध्ये सणाच्या मालामुळे जादा पाळ्या लागतात. घरात कामाला हात कमी आणि वेळ त्याहून कमी. त्यामुळे कामांचा क्रम चुकला की सगळा भार शेवटच्या चार रात्रींवर येतो, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या बाईवरच येतो. हा क्रम चुकतो तो काही पक्क्या समजुतींमुळे.

गैरसमज : आधी घर पूर्ण स्वच्छ करावे, मगच बाकीच्या कामाला हात घालावा.

ठाणे–भिवंडी रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात. दसऱ्याला पुसलेली खिडकीची जाळी आठवड्याभरात पुन्हा धुळीने भरते. म्हणून साफसफाईचे दोन भाग करावेत. माळा, छताची जळमटं, कपाटांच्या आतला भाग, गाद्या-गोधड्या आणि रंगकाम कोजागिरीपर्यंत उरकावे. रंग वाळायला आणि वास जायला दिवस लागतात, आणि त्या वासात फराळाचे डबे भरता येत नाहीत. जाळ्या, पंखे, ओटा आणि अंगण मात्र वसुबारसेच्या आदल्या दिवसासाठी ठेवावे. ते आधी केले तर दोनदा करावे लागते.

गैरसमज : फराळ शेवटच्या आठवड्यात सुरू केला तरी चालतो.

चिवडा, शंकरपाळे, लाडू यांना ते चालते. अनारशांना मुळीच चालत नाही. अनारसे तळायचे अगदी शेवटी, पण त्यांची सुरुवात सगळ्यांच्या आधी होते. कोजागिरीनंतर दोन-तीन दिवसांनी तांदूळ भिजत घालावे. ते तीन दिवस भिजतात आणि पाणी रोज बदलावे लागते, नाहीतर आंबूस वास येतो. मग सावलीत कापडावर पसरून पाणी निथळू द्यायचे, पण पूर्ण वाळवायचे नाही. हाताला किंचित दमट लागले पाहिजेत. असे तांदूळ दळून बारीक चाळणीने चाळावे, पिठाच्या वजनाइतका किंवा थोडा कमी किसलेला गूळ त्यात मळावा आणि गोळा डब्यात पाच-सहा दिवस मुरू द्यावा. हिशेब केला तर तळणीचा दिवस बरोबर वसुबारसेच्या आसपास येतो.

यातच आणखी एक चूक होते. शेतातले नवे भात घरात आलेले असते, तेव्हा अनारसे त्याच तांदळाचे करावेत असे वाटते. नवा तांदूळ चिकट असतो. अनारशाला जुनाच लागतो. नव्या भाताचे पोहे करावेत, ते सुरेख होतात.

तळताना आधी एकच अनारसा तुपात सोडून पाहावा. तो पसरून विरघळू लागला, म्हणजे ‘हसला’, तर गूळ किंवा ओल जास्त आहे. त्यासाठी थोडे कोरडे पीठ आधीच बाजूला काढून ठेवलेले असावे. ते मिसळले की गोळा सावरतो. उलट, जाळी न पडता कडक झाला, तर गोळ्यात थोडे कुस्करलेले केळे मळावे. खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचे आणि उलटायचे नाही.

चकलीची भाजणी याच मधल्या आठवड्यात भाजून दळून आणावी. धनत्रयोदशीच्या तोंडावर गिरणीत रांग लागते. चकली मऊ पडते तेव्हा दोष तेलाला दिला जातो. खरे तर ती बहुधा तेलातले बुडबुडे शमण्याआधीच बाहेर काढलेली असते.

गैरसमज : बोनस हातात आला की सगळी खरेदी एकदम करू.

आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असेल, तर कायद्याने बोनस देण्याची मुदत 8 महिने, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत आहे. बहुतेक मालक दिवाळीआधी देतात, पण कायदा दिवाळीचे नाव घेत नाही. म्हणून जे शिवायचे आहे ते पगारातून दसऱ्याच्या आठवड्यातच घ्यावे, कारण शिंपी पुढे कापड घेतच नाहीत. डाळी, गूळ, रवा, तूप कोजागिरीच्या सुमारास भरावे. भांडी किंवा मोठी वस्तू बोनससाठी राखून ठेवावी. ती उशिरा आली तरी सण अडत नाही.

गैरसमज : भेटवस्तू आणि मिठाई धनत्रयोदशीलाच आणून ठेवली की मोकळे.

भाऊबीज त्यानंतर चार-पाच दिवसांनी येते. पेढे, बर्फी अशी खव्याची मिठाई बाहेरच्या उष्म्यात तेवढी टिकत नाही. चिकट तार सुटली किंवा आंबट वास आला, तर ती कुणालाही देऊ नये. साडी, भांडे, सुका मेवा आधी घ्यावा. खव्याची मिठाई भाऊबीजेच्या सकाळीच आणावी. ओल्या नारळाच्या करंज्यांनाही हाच नियम लावावा, त्या ज्या दिवशी द्यायच्या त्याच दिवशी तळाव्यात.