पत्रलेखन : भाड्याचा चेक वठला नाही तर भाडेकरूला पत्र कसे लिहावे?

व्यावसायिक पत्रात आपण मागणीपत्र शिकतो. आज त्यातलाच एक प्रकार बघू, जो घरोघरी उपयोगी पडतो. भाडेकरूने दिलेला चेक बँकेतून परत आला, आता त्याला पत्र लिहायचे आहे.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई असेच पत्र घेऊन माझ्याकडे आली होती. वरच्या खोलीचे भाडे हाच त्यांचा मुख्य आधार. पत्रात लिहिले होते : "तुमचा चेक बाउन्स झाला. दोन दिवसांत ९,४१८ रुपये द्या, नाहीतर पाणी बंद करीन." राग समजण्यासारखा होता, पण या दोन ओळींत तीन चुका होत्या.

पहिली चूक रकमेची. चेक ९,००० रुपयांचा होता. बाकीचे ४१८ रुपये कशाचे, ते लिहिलेच नव्हते. चेक न वठणे हा परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो. पण त्यासाठी लेखी पत्रात चेकच्या रकमेची मागणी स्पष्ट असावी लागते. इतर खर्च मागता येतो, मात्र तो वेगळा दाखवायचा. सगळे एकाच आकड्यात मिसळले तर पुढे कोर्टात पत्रच कुचकामी ठरू शकते.

दुसरी चूक मुदतीची. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते. ती मिळाल्यापासून पैसे भरायला भाडेकरूला १५ दिवस मिळतात. म्हणून "दोन दिवसांत" लिहून उपयोग नाही. लवकर देण्याची विनंती करा, पण मुदत १५ दिवसांचीच लिहा.

तिसरी चूक धमकीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार घरमालकाला भाडेकरूचे पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. म्हणजे ते वाक्य उलट आपल्यावरच येते.

शुल्क कोणते लावायचे? बँकेने आपल्या खात्यातून चेक परतीचे जेवढे कापले तेवढे, पासबुकातली नोंद बघून. उशिराचा दंड मात्र भाडेकरारात लिहिलेला असेल तरच. मनाने आकडा टाकायचा नाही. या बाईंच्या पासबुकात ११८ रुपये कापलेले होते आणि करारात उशिराचे ३०० रुपये ठरलेले होते. मग आम्ही पत्र असे लिहिले :

दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
श्री. अ. ब. क.
(भाड्याच्या खोलीचा पूर्ण पत्ता)

विषय : भाड्याचा चेक न वठल्याबाबत

महोदय,

जून महिन्याच्या भाड्यापोटी आपण दिलेला ५ जून २०२५ चा चेक क्र. १२३४५६, रक्कम रु. ९,०००, खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याच्या कारणाने परत आला. बँकेचा तसा मेमो मला ९ जून रोजी मिळाला.

तरी चेकची रक्कम रु. ९,००० कृपया लवकरात लवकर, व हे पत्र मिळाल्यापासून जास्तीत जास्त १५ दिवसांच्या आत द्यावी, ही विनंती. मुदतीत रक्कम न मिळाल्यास मला कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल.

याखेरीज पुढील रकमाही देय आहेत :
बँकेने कापलेले शुल्क : रु. ११८
करारानुसार उशिराचे शुल्क : रु. ३००

काही अडचण असल्यास मला येऊन भेटावे.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : चेक व बँक मेमोची झेरॉक्स

बघा, पत्रात एकही कडक शब्द नाही. तरी चेक नंबर, तारीख, परतीचे कारण, रक्कम आणि मुदत, सगळे आले. शेवटची "येऊन भेटावे" ही ओळ मुद्दाम ठेवली आहे. पगार उशिरा झाला म्हणूनही चेक परत येतो, आणि माणूस त्याच घरात राहणार असतो.

पत्र हातात देऊन मोकळे होऊ नका. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि पत्र कधी पोचले त्याची नोंद काढून ठेवा, कारण १५ दिवस त्या तारखेपासून मोजतात. हे पत्र १४ जूनला पोचले, म्हणजे मुदत २९ जूनपर्यंत. तोवर पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार करावी लागते. त्यासाठी वकिलांना भेटायचे. मूळ चेक आणि मूळ मेमो मात्र तोवर कोणालाही द्यायचा नाही.

आणि पैसे मिळाले तर? पावती लिहून द्या आणि जुना चेक परत करा. या बाईंना सहाव्या दिवशी सगळी रक्कम मिळाली. पावतीही त्यांनी स्वतःच लिहिली.

सरावासाठी : चेक रु. ६,५०० चा आहे, बँकेने रु. १५० कापले, करारात दंडाचा उल्लेख नाही. पत्रात कोणत्या रकमा येतील आणि कशा लिहाल? वहीत लिहून बघा.