एआयसी आणि बीआयसी : प्रतिमान-निवडीचे दोन निकष

१. प्रश्नाचे स्वरूप

१९१३ मध्ये रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या ‘येव्हगेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीचे पहिले २०,००० वर्ण हाताने मोजले. त्यांत ८,६३८ स्वर आणि ११,३६२ व्यंजने निघाली. एकूण वर्णांत स्वरांचे प्रमाण ४३.२ टक्के होते; परंतु स्वरानंतर लगेच दुसरा स्वर आल्याची स्थळे केवळ १,१०४, म्हणजे १२.८ टक्के होती. पुढचा वर्ण स्वर असेल की व्यंजन, हे मागच्या वर्णावर अवलंबून असते, असा याचा अर्थ होतो.

येथे पुढचा प्रश्न उभा राहतो. मागचा एकच वर्ण पाहणे पुरेसे आहे, की मागचे दोन वर्ण पाहावेत? मार्कोव्ह यांनी सलग तीन स्वरांची स्थळेही मोजली होती. ती ११५ होती. त्यावरून पुढील दोन प्रमाणे मिळतात. सलग दोन स्वरांनंतर तिसरा स्वर १,१०४ पैकी ११५ वेळा, म्हणजे १०.४ टक्के येतो. ज्या स्वराच्या आधी व्यंजन आहे असे ७,५३४ स्वर उरतात. त्यांच्यानंतर स्वर ९८९ वेळा (१,१०४ वजा ११५), म्हणजे १३.१ टक्के येतो.

१०.४ आणि १३.१ यांतील हा फरक प्रतिमानात नोंदवावा, की योगायोग मानून सोडून द्यावा? या एकाच प्रश्नाच्या आधारे आपण दोन्ही निकष समजून घेऊ.

२. दंडाची आवश्यकता

प्रतिमानात जी संख्या आपण आधारसामग्रीवरून ठरवतो, तिला प्राचल म्हणतात. साध्या प्रतिमानात स्वरानंतरच्या वर्णासाठी १२.८ टक्के हा एकच प्राचल आहे. विस्तृत प्रतिमानात १०.४ आणि १३.१ असे दोन आहेत. प्रतिमान खरे मानल्यास हाच मजकूर मिळण्याची जी संभाव्यता, तिला संभवनीयता म्हणू आणि L या अक्षराने दर्शवू. साध्या प्रतिमानात प्राचलाची भर घातली की L कधीही कमी होत नाही. निव्वळ योगायोगाशीही नवा प्राचल जुळवून घेतो. म्हणून केवळ L पाहून निवड केल्यास नेहमी अधिक गुंतागुंतीचे प्रतिमानच जिंकेल. हे टाळण्यासाठी प्रत्येक प्राचलामागे दंड आकारला जातो:

AIC = −2 ln L + 2k
BIC = −2 ln L + k ln n

येथे k ही प्राचलांची संख्या, n ही निरीक्षणांची संख्या आणि ln हा नैसर्गिक लॉगरिदम होय. ज्या प्रतिमानाचे मूल्य कमी, ते निवडावे. दोन्ही सूत्रांचा पहिला भाग एकच आहे. भेद केवळ दंडाचा आहे.

३. दोन दंडांची मुळे

एआयसी हा निकष जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु अकाइके यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मांडला. त्यांचा प्रश्न भाकिताचा होता : हे प्रतिमान नव्या मजकुरावर कसे चालेल? ज्या मजकुरावरून प्राचल ठरवले त्याच मजकुरावर प्रतिमानाची परीक्षा घेतली, तर गुण फुगून येतात. मोठ्या आधारसामग्रीत ln L मधील ही फूग सरासरीने प्राचलांच्या संख्येइतकी, म्हणजे k इतकी असते, असे त्यांनी दाखवले. सूत्रात ln L ला −2 ने गुणले असल्याने दुरुस्ती 2k होते. या दंडात n कोठेही येत नाही.

बीआयसी हा निकष गिडिऑन श्वार्झ यांनी १९७८ मध्ये मांडला. त्यांचा प्रश्न निराळा होता : हाती आलेली आधारसामग्री पाहता कोणते प्रतिमान अधिक विश्वसनीय ठरते? निरीक्षणापूर्वी प्राचलाचे मूल्य विस्तृत पट्ट्यात कोठेही असू शकते. निरीक्षणे वाढतात तसा तो पट्टा n च्या वर्गमुळाच्या प्रमाणात अरुंद होत जातो. पट्ट्याचा जो मोठा भाग चुकीचा ठरला, त्याची किंमत प्रत्येक प्राचलामागे ln n च्या निम्म्याइतकी पडते. दुप्पट केल्यावर ती ln n होते. निरीक्षणे ८ किंवा अधिक असली की ln n हे २ पेक्षा मोठे असते. म्हणून व्यवहारात बीआयसीचा दंड जवळजवळ नेहमीच कडक असतो.

४. उदाहरणाची उकल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका प्राचलाऐवजी दोन घेतल्यास −2 ln L हे मूल्य ६.६६ ने घटते. वाढीव प्राचल एकच आहे. एआयसीच्या दृष्टीने त्याचा दंड २ आहे. लाभ दंडाहून अधिक असल्याने एआयसी फरक स्वीकारतो. बीआयसीच्या दृष्टीने दंड २०,००० चा लॉगरिदम, म्हणजे ९.९० आहे, लाभ त्याहून कमी असल्याने बीआयसी फरक नाकारतो.

व्यंजनानंतरची स्थिती मात्र वेगळी आहे. स्वरामागून आलेल्या व्यंजनानंतर स्वर येण्याचे प्रमाण सुमारे ५६ टक्के, तर सलग दोन व्यंजनांनंतर सुमारे ८७ टक्के आहे. येथे एका वाढीव प्राचलाने −2 ln L एक हजाराहून अधिक घटते. अशा ठिकाणी दोन्ही निकषांचे उत्तर एकच येते. दंडातील भेद क्षीण परिणामांच्या बाबतीतच निर्णायक ठरतो, हे लक्षात ठेवावे.

५. मतभेदाचा अर्थ

फरक मुळात अस्तित्वातच नसता, तरी एआयसीने वाढीव प्राचल स्वीकारण्याची शक्यता सुमारे १६ टक्के राहिली असती. वर्ण लाखोंनी मोजले, तरी ही शक्यता घटत नाही. बीआयसीच्या बाबतीत २०,००० वर्णांवर ती सुमारे ०.२ टक्के आहे आणि n वाढेल तशी ती शून्याकडे जाते. याची किंमत अशी, की खरा पण लहान फरक बीआयसी दीर्घकाळ नाकारत राहतो.

तथापि बीआयसीचा नकार कायमचा नसतो. समजा, आणखी २०,००० वर्ण मोजले आणि प्रमाणे तशीच राहिली. लाभ दुप्पट, म्हणजे सुमारे १३.३ होईल, दंड मात्र फक्त १०.६ पर्यंत वाढेल. तेव्हा बीआयसीही फरक स्वीकारील. म्हणून पुढील वर्णाचे भाकीत हा हेतू असल्यास एआयसीकडे, आणि भाषेच्या रचनेविषयी विधान करावयाचे असल्यास बीआयसीकडे झुकणे योग्य ठरते. हेतू मोजणीपूर्वीच ठरवावा. सोयीचे उत्तर देणारा निकष मागाहून निवडू नये.

६. सावधगिरी

तुलनेतील सर्व प्रतिमाने त्याच निरीक्षणांवर बसवलेली असावीत. मागचे दोन वर्ण पाहणारे प्रतिमान तिसऱ्या वर्णापासून सुरू होते. म्हणून एकच वर्ण पाहणारे प्रतिमानही तेथूनच मोजावे. तसेच या मूल्यांचा केवळ फरक अर्थपूर्ण असतो. तपासलेली सर्वच प्रतिमाने सदोष असतील, तर हे निकष त्यांतील कमी सदोष प्रतिमान दाखवतील. दोष दाखवणार नाहीत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

एका मजकुरातील ३,००० वर्णांवर दोन प्राचल वाढवल्याने −2 ln L हे १२ ने घटले. ३,००० चा नैसर्गिक लॉगरिदम ८.०१ आहे. दोन्ही निकषांचा निर्णय सांगा.

उत्तर : एआयसीचा दंड ४ आहे, म्हणून स्वीकार, बीआयसीचा दंड १६.०२ आहे, म्हणून नकार.