वजनाचा काटा अचानक अडकतो का? आणि घटवलेलं वजन परत का येतं?

डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो जातात. घरचे म्हणतात, चेहरा उतरला. पुढचे दोन-तीन महिने काटा हळूहळू का होईना, खाली सरकत राहतो. आणि मग एक दिवस थांबतो. तीच भाजी, त्याच दोन पोळ्या, तेवढंच चालणं, पण काटा हलायला तयार नाही. डाएटच्या भाषेत याला 'प्लॅटो' म्हणतात आणि बहुतेक लोक डाएट सोडतात ते इथेच.

गंमत म्हणजे प्लॅटो हा बिघाड नाही. वजन कमी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तो गाठतोच. तो का येतो हे समजलं की वजन किती वेगाने उतरवावं आणि उतरलेलं टिकवावं कसं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी मिळतात.

आधी वेगाचं बोलू

बहुतेक आरोग्य संस्था आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग योग्य मानतात. मग पहिल्याच आठवड्यात दोन किलो कसे जातात? त्यात चरबी थोडी आणि पाणी जास्त असतं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. 'सात दिवसांत तीन किलो'वाल्या रील्सचं बरंचसं गुपित हेच आहे. पुन्हा नीट भात-पोळी खाल्ली की ते पाणी परत येतं.

मग हळू उतरवलेलं वजन टिकतं आणि भरभर उतरवलेलं परत येतं, हे तरी खरं का? तर नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये याची थेट तुलना झाली. सुमारे २०० जणांपैकी काहींनी १२ आठवड्यांत वजन उतरवलं, काहींनी ३६ आठवड्यांत. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पुढच्या सुमारे तीन वर्षांत दोन्ही गटांनी कमावलेल्या यशापैकी साधारण ७० टक्के वजन परत मिळवलं. म्हणजे परत येण्याच्या बाबतीत वेगाने फारसा फरक पडला नाही.

तरीही सबुरीचा सल्ला दिला जातो, त्याची कारणं वेगळी आहेत. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन सतत घटत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. खाणं फारच तुटपुंजं असेल आणि त्यात प्रथिनं कमी असतील तर चरबीसोबत स्नायूही झिजतात. दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, ते वेगळंच. (त्या मेलबर्नच्या प्रयोगातले लोक डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते. घरी काकडी-ताकावर राहणं आणि ते एक नाही.)

काटा नेमका का थांबतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका बँकेत काम करणारी मेघना ३८ वर्षांची आहे, वजन ७८ किलो. बैठं काम असल्यामुळे तिला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. तिने ठरवलं, आता १५०० वर राहायचं.

एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. इंटरनेटवरचे बहुतेक हिशोब इथूनच सुरू होतात. रोज ५०० वाचवले, आठवड्याचे ३५०० झाले, म्हणजे आठवड्याला जवळपास अर्धा किलो आणि सहा महिन्यांत १२ किलो. मेघनाचे प्रत्यक्षात ८ किलो गेले आणि काटा ७० वर थांबला.

गणित चुकलं, कारण त्यात शरीराची गरज कायम २००० च धरली होती. ७० किलोचं शरीर चालवायला ७८ किलोच्या शरीरापेक्षा कमी इंधन लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक असताना केविन हॉल यांनी यासाठी एक सोपा ठोकताळा दिला. घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराची रोजची गरज साधारण २४ कॅलरींनी कमी होते. मेघनाचे ८ किलो गेले, म्हणजे तिची गरज जवळपास १९० ने घटून १८०० च्या आसपास आली.

आता इथे थांबा. गरज १८०० आणि खाणं १५००, तर वजन अजूनही उतरायला हवं ना? बरोबर. काटा थांबलाय याचा अर्थ मेघनाचं खाणंही नकळत १८०० वर पोहोचलंय. ती खोटं बोलत नाहीये, तिला खरंच वाटतंय की आपण तेवढंच खातोय. पण रोजच्या ३०० कॅलरी लपायला फार जागा लागत नाही. भाजीत दोन चमचे तेल जास्त गेलं की ८०-९०. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, १७० च्या आसपास. आणि मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी.

भूक किती वाढते?

हे 'नकळत' कुठून येतं, हे शोधणारा एक प्रयोग भारी आहे. मधुमेहाच्या एका औषधामुळे रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर पडते, रोज सुमारे ३६० कॅलरी इतकी. रुग्णाला हे जाणवत नाही आणि त्याने डाएटही केलेलं नसतं. अशा रुग्णांचं वजन वर्षभर मोजलं गेलं. कॅलरी तर रोज जातच होत्या, तरी साधारण चार किलो घटून वजन थांबलं. हॉल आणि सहकाऱ्यांनी उलटं गणित मांडलं, तेव्हा दिसलं की हे लोक हळूहळू जास्त खाऊ लागले होते. घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढत होती.

म्हणजे 'डाएटमुळे मेटाबॉलिझम मंदावला' ही जी तक्रार आपण ऐकतो, ती अर्धीच आहे. खर्च घटतो तो किलोमागे २४-२५ कॅलरींनी, भूक वाढते ती त्याच्या चौपट. मेघनाचं शरीर ७० किलोवर तिच्याकडे आधीपेक्षा जवळपास ८०० कॅलरी जास्त मागतंय आणि ती १८०० वर थांबतेय. तिची इच्छाशक्ती संपलेली नाही, उलट ती पहिल्या महिन्यापेक्षा जास्त जोर लावतेय. फक्त तो जोर आता वजन घटवण्यात नाही, वजन धरून ठेवण्यात खर्च होतोय.

पण खरंच अडकलंय का?

दर सोमवारी एकदा काट्यावर उभं राहून हे कळत नाही. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस, नव्यानेच सुरू केलेला व्यायाम, यातल्या कशानेही शरीरात एखादा किलो पाणी सहज थांबतं. लग्नात जेवून आल्यावर सकाळी दीड किलो वाढलेलं दिसतं, ते चरबीचं नसतं. तेवढी चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. पंगतीत कितीही आग्रह झाला तरी अवघडच.

म्हणून सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि सात दिवसांची सरासरी काढायची. ती सरासरी तीन-चार आठवडे जागची हलली नाही आणि कमरेचं मापही तेच राहिलं, तर तो खरा प्लॅटो. पाळी येणाऱ्यांनी या महिन्याच्या दहाव्या दिवसाची तुलना मागच्या महिन्याच्या दहाव्या दिवसाशी करावी.

खरा प्लॅटो असेल तर आठवडाभर तेल, साखर, दाणे-फरसाण आणि चहा मोजून बघावा. बऱ्याचदा गळती तिथेच सापडते. घरच्या तेलाच्या बुधलीला चमचा लावणं हे कुठल्याही 'फॅट बर्नर'पेक्षा उपयोगी आहे. मात्र थायरॉईडची लक्षणं असतील किंवा नवीन औषध सुरू झाल्यावर वजन अडकलं असेल तर डॉक्टरांना विचारावं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर खाणं कमी करण्याआधीच विचारावं, कारण साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

दुसरा पर्यायही आहे: इथेच थांबायचं. अमेरिकेत मधुमेह टाळण्यासाठी जो मोठा प्रयोग झाला, त्यात लोकांना मूळ वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेघनाचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. ती ८ वर आहे. कॉलेजातल्या फोटोतलं वजन गाठलं नाही म्हणून हे अपयश मानणं हा तिच्यावर अन्याय होईल.

टिकवणारे काय करतात?

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली गेली. किमान १३.६ किलो घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्यांची त्यात नोंद झाली. अशा दहा हजारांहून जास्त लोकांच्या सवयी त्यात आहेत. ही सगळी स्वतःहून नाव नोंदवलेली यशस्वी माणसं, त्यामुळे यातून कारण सिद्ध होत नाही, पण चित्र दिसतं. वजन कसं घटवलं, यात त्यांचं एकमत नाही. टिकवण्यात मात्र बरंच साम्य आहे. बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, जास्त करून चालतात. आणि चारपैकी तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.

रोजचं चालणं इथे कामाला येतं, कारण त्याने घटलेली गरज थोडी वर उचलली जाते. मेघनाला कायम १८०० मध्ये भागवण्यापेक्षा तासभर चालून २००० च्या आसपास खाणं जास्त झेपेल.

वजन करण्याची सवय कशी लावायची, याचा एक नमुना २००६ मध्ये अमेरिकेतल्याच एका प्रयोगात दिसला. वजन घटवून झालेल्या लोकांना सिग्नलसारखे रंग दिले होते. टिकवलेल्या आकड्याच्या वर साधारण १.४ किलोपर्यंत हिरवा, तिथून सव्वादोन किलोपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. हिरव्यात काहीच बदलायचं नाही. पिवळ्यात खाण्यात आणि चालण्यात छोटी दुरुस्ती. लाल लागला की वजन घटवतानाचं पूर्ण वेळापत्रक पुन्हा सुरू. दीड वर्षानंतर, फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या गटातले ७२ टक्के लोक लाल पट्ट्यात गेले होते. ही पद्धत शिकून समोरासमोर भेटत राहिलेल्या गटात ते प्रमाण ४६ टक्के होतं.

मेघनासाठी हिरवा म्हणजे ७१.४ पर्यंत आणि लाल म्हणजे सव्वाबहात्तरच्या पुढे. हे आकडे रोजच्या वजनाला नाही, सात दिवसांच्या सरासरीला लावायचे, नाहीतर प्रत्येक लग्नानंतर लाल दिवा लागेल.